‘बघा जमलं तर’ असं लिहिलं, आणि ताई जुन्याच टाइमवर आल्या

वाचकाचं पत्र

आमच्याकडे चार वर्षांपासून एक ताई धुणं-भांडी आणि झाडू-पोछा करायला येतात, सकाळी साडेनऊ ते अकरा. मी घरूनच काम करायची म्हणून काही अडचण नव्हती. आता ऑफिसनं रोज मिहानला बोलावणं सुरू केलं, नऊला निघावंच लागते. शुक्रवारी रात्री मी त्यांना व्हॉट्सअॅप केलं, ‘ताई, नेक्स्ट वीकपासून थोडं लवकर याल का प्लीज, साडेसातपर्यंत, बघा जमलं तर.’ त्यांचा अंगठा आला. सोमवारी मी वाट पाहून पाहून निघून गेली, आणि त्या आपल्या साडेनऊला आल्या, दाराला कुलूप. मंगळवारी आल्याच नाहीत. आता म्हणतात, मी तर आलती, खाडा धरू नका. मुद्दाम केलं का त्यांनी? नवरा म्हणतो सरळ सांगून टाक की उद्यापासून साडेसात, पण मला हुकूम सोडल्यासारखं लिहायचं नाही. नम्र पण स्पष्ट मेसेज कसा लिहायचा?
— मनीष नगर, नागपूर

उत्तर

पहिले खाड्याचं निपटवून टाकू, कारण ते मनात राहिलं तर पुढचा कोणताही मेसेज गोड लागणार नाही. सोमवारचा खाडा धरूच नका, त्या आल्या होत्या, कुलूप तुमचं होतं. मंगळवारचंही माझ्या मते सोडून द्या. आदल्या दिवशी बंद दारावरून परत गेलेल्या माणसानं दुसऱ्या दिवशी पुन्हा चक्कर कशाला मारायची, तुम्ही त्यांना मध्ये काही सांगितलं का? पत्रात तरी तसं दिसत नाही. दोन दिवसांचे पैसे किती होतात ते एकदा मोजून बघा आणि त्यासाठी चार वर्षांची बाई नाराज करायची का तेही बघा.

आता ‘मुद्दाम केलं का’. तुमचा मेसेज मी त्यांच्या बाजूनं वाचून पाहिला आणि मला तर वाटते त्या अगदी मेसेजप्रमाणेच वागल्या. तुम्ही लिहिलं बघा जमलं तर. त्यांनी बघितलं, नाही जमलं, विषय संपला, त्या आपल्या नेहमीच्या टाइमवर आल्या. अंगठ्याचा अर्थ तुम्ही ‘हो येते’ असा घेतला, पण पुष्कळ जण अंगठा ‘वाचलं’ एवढ्यासाठीच टाकतात, आणि कधीकधी तर तो अंगठा बाईंचा नसतोच, मोबाइल हातात असलेल्या पोराचा असतो, आणि पोरगा आईला सांगतो की त्या मनीष नगरच्या मॅडम लवकर बोलावून राहिल्या म्हणून, बस. साडेसात त्यात कुठंच नाही.

आणि बाकीचं वाक्य पण बघा ना. शुक्रवारी रात्री लिहिलेलं ‘नेक्स्ट वीक’ म्हणजे लगेचचा सोमवार की त्याच्या पुढचा? ‘साडेसातपर्यंत’ म्हणजे साडेसातला यायचं की साडेसातपर्यंत काम आटपायचं, आणि सकाळचे की संध्याकाळचे हे तर लिहिलंच नाही. ‘थोडं लवकर’ हे तर मला सर्वात जास्त खटकलं, कारण साडेनऊचं साडेसात हे तुमच्यासाठी थोडं असेल, त्यांच्यासाठी ती अख्खी सकाळ इकडची तिकडं होणं आहे. आणि सर्वात मोठी गोष्ट राहूनच गेली, ती म्हणजे साडेनऊला आता घरी कोणी नसणार. नवीन टाइम सगळेच सांगतात, जुना टाइम बंद झाला हे सांगायचं विसरतात. ते एक वाक्य असतं तर मेसेज कितीही ढिला असला तरी त्या कुलुपापर्यंत तरी गेल्या नसत्या.

तुम्हाला वाटते की स्पष्ट लिहिलं की हुकूम होतो, म्हणून तुम्ही थोडं, प्लीज, जमलं तर अशी मऊ मऊ भर घातली. पण त्या मऊपणाचा ताईंना काय फायदा झाला सांगा? एक चक्कर फुकट गेली आणि वरून खाड्याचा वाद. घरकामाच्या बाबतीत नम्रपणा शब्दांत थोडा आणि बाकीच्या गोष्टींत जास्त असतो: किती दिवस आधी सांगितलं, कारण सांगितलं का, नाही म्हणायला जागा ठेवली का, आणि पैशाचं स्वतःहून बोललात का. या चार गोष्टी असल्या की ‘सोमवारपासून सकाळी साडेसातला या’ हे वाक्य अजिबात उद्धट वाटत नाही. आणि त्या नसल्या तर दहा वेळा हात जोडलेत तरी तो हुकूमच राहते.

मिस्टरांचं ‘सरळ सांगून टाक’ अर्धं बरोबर आहे. सरळ सांगायचं हे खरं, पण सांगण्याच्या पहिले विचारायचं, आणि या दोन गोष्टी एका मेसेजमध्ये कोंबायच्या नाहीत. तुमचा घोळ तिथंच झाला, एकच वाक्य विचारणाही करते आणि कळवतेही. टाइम बदलणं हा ताईंसोबतचा जुना ठराव बदलणं आहे, तो आधी समोरासमोर, निदान फोनवर, बोलून ठरवायचा. ठरलं की मग मेसेज, आणि त्या मेसेजमध्ये जे ठरलं तेवढंच.

का बोलायचं, तर त्यांची सकाळ तुम्हाला दिसत नाही म्हणून. समजा ताई सहाला घरचा नळ भरतात, पोरांचे डबे करतात, पावणेसातला तुमच्याच लाइनमध्ये एका आजी-आजोबांकडे पोळ्या, आठला दुसरीकडे भांडी, साडेनऊला तुम्ही, अकराला अजून एक घर. आता तुम्हाला साडेसात पाहिजे. म्हणजे पोळ्या अर्ध्यावर सोडता येत नाहीत, आणि आठचं घर तर मधेच पडते, तुमचं काम दीड तासाचं आहे, साडेसातला सुरू केलं तर नऊ वाजतात. म्हणजे त्यांना आठवाल्या बाईंना जाऊन विचारावं लागणार की मी तुमच्याकडे सव्वानऊला आली तर चालेल का, आणि त्या बाईंनाही ऑफिस असेल तर त्या नाहीच म्हणतील, कारण साडेसात ते नऊ हाच टाइम सगळ्यांना पाहिजे असतो. मग ताईंना एक घर सोडावं लागते. त्या घरचे समजा 1500 मिळत असतील तर तुमच्या ‘थोडं लवकर’ची किंमत त्यांच्यासाठी महिन्याचे 1500 आहे. शुक्रवारी रात्री मेसेज, सोमवारी सकाळी अंमलबजावणी, मध्ये एक शनिवार आणि रविवार, यात हे कोणाला जमणार हो!

म्हणून पंधरा दिवस आधी बोला, निदान आठ. तुमचं ऑफिस तर सुरू झालं, त्यामुळे मधल्या दिवसांची सोय वेगळी लावा, त्यावर खाली लिहिते. बसून बोला, भांडी चालू असताना मागून ओरडून नाही, आणि मिहानला निघायच्या गडबडीत दारात तर नाहीच. रविवारी त्या येत असतील तर रविवारी. साधारण असं बोलता येईल:

“ताई, माझं ऑफिस आता रोजचं झालं, नऊला घर बंद होते. साडेनऊला आता कोणी नसणार. मला सकाळी साडेसात सोयीचं आहे, पण तुमची बाकीची घरं आहेत हे मला माहीत आहे. तुमचं कसं आहे सकाळी? काय जमेल, काय नाही ते सांगा, दोन दिवस विचार करून सांगितलं तरी चालते.”

यात ‘जमेल ना?’ नाही हे लक्षात घ्या. जमेल ना म्हटलं की समोरच्याला हो म्हणावंच लागते, विशेष करून ज्याचा पगार तुमच्या हातात आहे त्याला. ‘तुमचं कसं आहे’ म्हटलं की ती बाई पोळ्यांचं, आठच्या घराचं, पोरीच्या शाळेचं सांगते आणि मग रस्ता दिसते.

रस्ते पण एकच नाही. सगळं काम साडेसातला हा एक झाला. दुसरं, काम फोडायचं: आधीच्या रात्रीची भांडी आणि झाडू-पोछा सकाळी पाऊण तासात, कपडे मशीनला तुम्ही लावा, आणि बाकीचं संध्याकाळी तुम्ही आल्यावर, पण मग ताईंना दोनदा यावं लागणार आणि दोनदा येण्याचे पैसे वेगळे होतात, हे तुम्ही आधीच बोला, त्यांनी मागायची वाट बघू नका. तिसरं, टाइम साडेनऊच ठेवायचा आणि किल्ली शेजारी किंवा सासूबाई जवळ राहत असतील तर त्यांच्याकडे. चार वर्षांची बाई आहे, हा रस्ता तुम्ही पत्रात विचारातच घेतलेला दिसत नाही, मला तर पहिले हाच सुचला. विश्वासाचा प्रश्न असेल तर तो तुमचा तुम्ही ठरवा, मी जबरदस्ती करणार नाही, पण किल्ली द्यायची झाली तर तीही नीट ठरवून, कोण देणार, कोणाकडे परत जाणार, काम झाल्यावर एक मिस कॉल, असं. नाहीतर काही हरवलं की पहिला संशय त्यांच्यावर आणि त्यांच्याजवळ दाखवायला काही नाही. नवीन टाइम ठरेपर्यंतच्या आठ-पंधरा दिवसांसाठी तरी हा उपाय बरा पडते.

समजा बोलणं झालं आणि ताई म्हणाल्या की पोळ्यांचं घर साडेसातला आटपते, चालत यायला दहा मिनिटं, आठवाल्या बाई सव्वानऊला तयार झाल्या, म्हणजे तुमच्याकडे पावणेआठ जमते, नऊपर्यंत कपडे सोडून सगळं होते. तुम्ही म्हणालात कपडे मी वाळत घालते, आणि कपड्यांचे पैसे कापत नाही कारण टाइम मी बदलवला. झालं. आता मेसेज, आणि तो असा:

‘ताई नमस्कार. आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे लिहून ठेवते.
सोमवार, 3 ऑगस्टपासून तुम्ही सकाळी पावणेआठला (7:45) यायचं. नऊ वाजेपर्यंत काम.
त्या दिवसापासून सकाळी साडेनऊला येऊ नका, घराला कुलूप राहील.
शनिवार, 1 ऑगस्टपर्यंत जुनाच टाइम, साडेनऊ, किल्ली शेजारच्या काकूंकडे. रविवार नेहमीसारखी सुट्टी.
कामात भांडी आणि झाडू-पोछा. कपडे मी करीन. पगार आहे तोच, कमी होणार नाही.
हा टाइम आता कायमचा आहे. काही अडचण आली तर मला संध्याकाळी सातनंतर फोन करा.
टाइम जुळवून घेतला, खूप मदत झाली.’

थोडा लांब झाला, मान्य. पण यातलं काढायचं म्हटलं तर मला काही काढता येत नाही. वार आणि तारीख दोन्ही पाहिजे, कारण वाराचा घोळ झाला तर तारीख सांभाळते आणि तारखेचा झाला तर वार, आणि दोन्ही जुळत नसले तर ताई स्वतः फोन करून विचारतात. तारखेच्या जागी सण लिहू नका, आपल्या नागपुरात तर नाहीच. ‘पोळ्यानंतर या’ म्हटलं की मोठ्या पोळ्यानंतर की तान्ह्या पोळ्यानंतर? आणि तान्ह्या पोळ्याला तर मारबत निघते, महालाकडे राहणारी बाई त्या दिवशी तुमच्याकडे कशी पोचणार. टाइम अक्षरात आणि आकड्यात दोन्ही लिहा, पावणेआठ आणि सव्वाआठ वाचून सांगणारा लहान पोरगा असला की गडबड होते, आमच्या पिढीला पावणे-सव्वा पाठ आहे, इंग्रजी शाळेतल्या पोट्ट्यांना नाही.

कुलुपाचं वाक्य तुम्हाला कडक वाटेल. ठेवा. ती धमकी नाही, माहिती आहे, आणि ती वाचून कोणाची चक्कर वाचत असेल तर यापेक्षा जास्त विनम्र वाक्य त्या मेसेजमध्ये दुसरं नाही. पगाराची ओळ पण लाजून सोडू नका, टाइम बदलला की बाईंच्या मनात पहिला प्रश्न तोच येते आणि त्या विचारत नाहीत.

भाषा रोज बोलता तीच. ताई म्हणता तर ताई, मावशी म्हणता तर मावशी. चार वर्षं ‘ताई या ना’ म्हणणाऱ्या घरून एकदम ‘आपणास कळविण्यात येते की’ आलं तर त्यांना वाटेल की कामावरून काढून राहिले. ताई घरी हिंदी बोलत असतील, बालाघाट, छिंदवाड्याकडच्या किंवा छत्तीसगडच्या पुष्कळ जणी आपल्याकडे काम करतात, तर हिंदीत लिहा.

वाचता येत नसेल किंवा मोबाइल मुलाजवळ राहत असेल तर हाच मजकूर आवाजात पाठवा, सावकाश, अर्ध्या मिनिटात, टाइम दोनदा म्हणायचा. लिहिलेला मेसेजही सोबत राहू द्या. व्हॉट्सअॅपवर आवाजाचा मेसेज ऐकला गेला की माइकचं चिन्ह निळं होते, पण निळं झालं म्हणजे कोणीतरी ऐकलं एवढंच, ताईंनी ऐकलं असं नाही. म्हणून शेवटी दुसऱ्या दिवशी तोंडी एकदा विचारा, आणि ‘समजलं ना?’ नका विचारू, त्याचं उत्तर नेहमी हो असते. विचारा, “ताई, मग तीन तारखेला किती वाजता भेटतो आपण?” त्या पावणेआठ म्हणाल्या की काम झालं. साडेसात म्हणाल्या तर तिथल्या तिथं दुरुस्त होते.

रात्री साडेदहानंतर पाठवू नका. आणि बिल्डिंगमधल्या दुसऱ्या बाईच्या हाती निरोप तर मुळीच नको, त्यात तुमचं ‘ऑफिस सुरू झालं’ चौथ्या मजल्यापर्यंत ‘त्यांना बाई बदलायची आहे’ होऊन पोचते.

तुमच्यासारखीच अडचण दुसऱ्यांना उन्हाळ्यात येते म्हणून तेही सांगते. एप्रिलमध्ये शाळा सकाळच्या होतात, मेमध्ये सुट्ट्या लागतात, घरचा टाइम बदलते आणि दुपारी भांड्यांना दोनला या असा मेसेज जाते. पारा 45 च्या वर असताना दोनला कोणाला चालत बोलावू नका, एवढं मी सल्ला म्हणून नाही, सरळच सांगते. सकाळी किंवा सहानंतर. आणि हा बदल तात्पुरता असते, तर त्याची शेवटची तारीख त्याच मेसेजमध्ये लिहा: ‘15 जूनपर्यंत हा टाइम, 16 पासून पुन्हा साडेनऊ’. नाहीतर जूनमध्ये शाळा उघडली तरी अर्ध्या घरच्या बायांना कोणीच काही सांगत नाही आणि मॅडम अन् बाई दोघीही मनात धुसफुसत राहतात.

एका दिवसापुरता बदल असेल, उद्या पाहुणे येऊन राहिले वगैरे, तर मेसेजच्या भरवशावर राहूच नका, फोन करा. उचलला नाही तर बदल झालाच नाही असं समजा आणि भांडी तुम्ही घासा.

कायद्याचं कोणी विचारते म्हणून, महाराष्ट्रात 2008 चा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे, त्यात नोंदणी आणि कल्याणाच्या योजनांचं आहे, टाइम बदलवायला किती दिवस आधी सांगायचं हे तुमचं तुम्हालाच ठरवावं लागते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 2011 च्या घरकामगारांवरच्या करारात मात्र असं आहे की कामाच्या अटी, त्यात कामाचे तास आले, बाईंना सहज समजेल आणि नंतर पडताळून पाहता येईल अशा पद्धतीनं सांगायच्या. भारतानं तो करार मंजूर केलेला नाही. पण वरचा मेसेज तेच करते बघा, तो ताईंच्या मोबाइलवर राहते, उद्या तुम्हीच विसरलात तर त्या तुम्हाला दाखवू शकतात.

आणि ताई नाहीच म्हणाल्या तर? म्हणजे आठचं घर सोडणं शक्य नाही, किल्लीचं तुम्हाला पटत नाही, संध्याकाळी त्यांना जमत नाही. मग तेही तेवढ्याच सरळपणे: ‘ताई, मला सकाळचीच गरज आहे, म्हणून मी सकाळसाठी दुसरी सोय बघते, तुमचं काम 31 तारखेपर्यंत आहे, त्या दिवशी पूर्ण हिशोब करू, आणि मी ओळखीच्या दोन घरी तुमचं नाव सांगते.’ हे मात्र मेसेजमध्ये पहिल्यांदा कळू देऊ नका, समोर बोला, आणि नाव सांगते म्हटलं तर खरंच सांगा.

टाइम जमला तर एक काम राहते, सोसायटीच्या गेटवर सांगून ठेवायचं. काही ठिकाणी वॉचमनजवळ बायांच्या येण्याचा टाइम लिहिलेला असते आणि सकाळी वेगळ्या टाइमवर आलेल्या बाईला तो खालीच थांबवून वर इंटरकॉम करत बसते. तुम्ही तेव्हा आंघोळीला असाल. तीन तारखेच्या आदल्या दिवशी त्याच्याजवळ पावणेआठ लिहवून घ्या.